म्युच्युअलची टेस्ट

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले तेव्हा आई म्हणाली होती, "आता शिफ्टची कटकट गेली." पुढे बाबांच्या किडन्यांनी हात टेकले आणि शिफ्ट पुन्हा घरात शिरली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरपासून स्कूटरने जाता येईल अशा एका धर्मादाय केंद्रात त्यांचा नंबर लागला होता. तिथे मोजक्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. केंद्राच्या फलकावर 'सत्र' असं लिहिलं होतं, पण तो शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. तिथले निम्मे पेशंट प्लांटचे रिटायर्ड कामगार. ते फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट असंच म्हणायचे.

आणि शिफ्ट आली की म्युच्युअल आलंच. प्लांटमध्ये दोन कामगार आपसात ड्यूटी बदलून घ्यायचे, त्याला म्युच्युअल म्हणत. तू माझ्या सेकंडला जा, मी तुझ्या फर्स्टला येतो. ही माणसं डायलिसिसच्या खुर्चीवरही तेच करायची. कुणाच्या नातीचं बारसं, कुणाला बँकेत जायचं, कुणाचा मुलगा गाडीने येणार. फोन करायचा, "आज म्युच्युअल करतं का?" की झालं. केंद्राची इनचार्ज केरळची सिस्टर होती. सुरुवातीला ती या प्रकाराने कावली, नंतर तीही "आज म्युच्युअल किसका है?" असं विचारू लागली.

डायलिसिस चुकलं तर काय होतं ते मी घरात पाहिलं होतं. बाबांना एकदा ताप होता म्हणून एक पाळी गेली. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, आडवं होता येईना, दोन वाक्यं बोलली की थांबावं लागे. अंगातलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाट नाही, ते मग फुप्फुसाकडे जातं. म्हणून खुर्ची ही आमच्या घरात देवघराइतकी महत्त्वाची गोष्ट होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ऑफिसात जी भांडणं केली ती या खुर्चीसाठी केली.

माझं ऑफिस कुम्हारीला, हायवेलगत, एका पाइपच्या गोदामाच्या वर. आम्ही चार टाळकी आणि एक मालक. मालकांना सगळे 'सर' म्हणत. ते रायपूरहून गाडीने यायचे आणि आल्या आल्या एसी किती वर ठेवलाय ते बघायचे. काम छोट्या-छोट्या कारखान्यांचं: वजनकाट्याच्या पावत्या, हजेरी, स्टॉक. डायलिसिस केंद्राचं खुर्च्या वाटपाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं ते माझ्यामुळे. सिस्टर मोठ्या फळ्यावर खडूने नावं लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. एक दिवस कुणाचा तरी शर्ट फळ्याला घासला आणि अर्धी सेकंड शिफ्ट पुसली गेली. मी तिथे बसलेलीच होते. म्हटलं, हे आम्ही करून देतो, घरबसल्या फोनवरून खुर्ची घेता येईल असं.

कामात माझ्या जोडीला अहिवाऱ्याचा एक मुलगा होता, वयाने माझ्याएवढाच. हुशार आणि वेगवान. एवढा वेगवान की लिहिलेलं परत वाचायला त्याला वेळ नसायचा. तो छत्तीसगढीत बोलायचा, मी हिंदीत, आणि रागावले की माझी मराठी बाहेर यायची. ती त्याला न शिकवता समजू लागली होती.

आता थोडं कामाविषयी. आम्ही कोड लिहून वर चढवला की दूर कुठेतरी भाड्याचं एक मशीन जागं होतं. आमचा कोड उचलतं, आम्हीच लिहून ठेवलेल्या चाचण्या, म्हणजे टेस्ट, एकामागून एक चालवतं आणि शेवटी हिरवी खूण दाखवतं नाही तर लाल. मग ते मशीन पुसलं जातं. याला आम्ही सीआय म्हणतो. हिरवं असेल तरच कोड पुढे जाणार, असा नियम. या टेस्टना डेटाबेस लागतो, कारण खुर्च्यांच्या नोंदी शेवटी डेटाबेसातच राहतात. केंद्रावर पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस होता. पण टेस्टसाठी आम्ही मेमरीत चालणारा एक हलका, खेळण्यातला वाटावा असा डेटाबेस वापरत होतो. तो झटपट उठायचा, सगळं पटापट हिरवं व्हायचं, सर खूश.

मग केंद्रात दाखवायचा दिवस आला. केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टची वयस्कर मंडळी शर्टाची वरची गुंडी लावून बसली होती. सिस्टरने पहिलाच पेशंट टाकला आणि पडद्यावर लाल पट्टा. भिलाईत सगळ्या देशाची नावं राहतात. आंध्रकडच्या एका काकांचं नाव घराण्यापासून सुरू होऊन गावावरून जात होतं आणि आम्ही ठेवलेल्या जागेत ते मावत नव्हतं. पोस्टग्रेसने लांबी पाहिली आणि नाही म्हटलं. आमचा तो हलका डेटाबेस लांबी बघतच नव्हता. कितीही लांब नाव द्या, गपचूप गिळायचा. म्हणजे आमच्या टेस्ट जिथे पास होत होत्या, ते घर वेगळं आणि जिथे संसार करायचा ते वेगळं.

परत येताना मी गाडीतच सरांना सांगितलं, "टेस्ट में भी असली पोस्टग्रेस चाहिए." सर म्हणाले, "स्लो हो जाएगा." मी म्हणाले, आज जितकं फास्टमध्ये नाक कापलं गेलं तितकं पुरे नाही का? मला असं तोंडावर बोलण्याची खोड आहे. आई म्हणते ही बाबांकडून आली, बाबा म्हणतात आईकडून.

असली पोस्टग्रेस आणला तो सर्व्हिस कंटेनर म्हणून. सोप्या शब्दांत, टेस्टचं मशीन जागं झालं की त्याच्या शेजारी एका बंद डब्यात खराखुरा पोस्टग्रेस उठतो. आम्ही आवृत्तीही केंद्रावरच्या सर्व्हरसारखीच लावली, जी नवी येईल ती नाही. दर वेळी तो कोरा असतो. आमचा कोड त्यात सगळे टेबल बनवतो, टेस्ट चालतात आणि काम संपलं की डब्यासकट सगळं नाहीसं होतं. कालचा कचरा आज नाही. ही गोष्ट मला फार आवडली. माणसांच्या भांडणांनाही अशी सोय हवी होती.

पण डबा उठायला थोडा वेळ घ्यायचा. टेस्ट आधी धावत सुटायच्या आणि डेटाबेस अजून डोळे चोळत असायचा. मग 'कनेक्शन नाकारलं' म्हणून लाल. पुन्हा चालवलं की कधी कधी जमून जायचं आणि हिरवं. अहिवाऱ्याच्या मुलाने याला नाव ठेवलं, "डब्बा सुते हे." डबा झोपलाय. पानावर पुन्हा चालवायचं बटण होतं, ते दाबायचं, चहा घ्यायचा आणि यायचं. प्लांटच्या वसाहतीत वाढलेल्या माणसांना बटण दाबून पुन्हा बघण्याची सवय रक्तातच असते. आमच्या शेजारच्या काकांचा टीव्ही दोन थपडा खाल्ल्याशिवाय लागत नसे आणि त्यांनी तो तसाच कित्येक वर्षं चालवला.

थोड्याच दिवसांनी मी डब्याला प्रकृती विचारायची सोय लावली. पोस्टग्रेससोबत एक छोटी आज्ञा येते, ती विचारते, 'तयार आहेस का?' होकार येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने विचारत राहायचं आणि तोवर टेस्ट सुरूच करायच्या नाहीत. त्यानंतर डबा झोपलेला सापडला नाही. औषध लागू पडलं, पण पथ्य सुटेना. लाल दिसलं की हात आपोआप बटणाकडे जायचे. आणि लाल अजूनही दिसायचं, कधीमधी. दहा वेळा हिरवं, मग अचानक लाल, बटण दाबलं की परत हिरवं. लांडगा आला रे आला, असं इतक्यांदा झालं होतं की आता कुणी मान वर करून बघत नव्हतं.

केंद्रात सॉफ्टवेअर सुरू करायचा सोमवार ठरला. त्याआधीच्या शुक्रवारी पुन्हा लाल आलं. अहिवाऱ्याच्या मुलाने बटण दाबलं आणि नेमकं तेव्हाच हायवेवर खोदकाम करणाऱ्यांनी आमची इंटरनेटची केबल तोडली. बटण गोल गोल फिरत राहिलं. तो खाली चहाला गेला. माझ्यासमोर ते लाल पान तसंच उघडं होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी ते वाचलं.

कनेक्शनचा शब्दही त्यात नव्हता. डबा व्यवस्थित उठला होता. पडलेली टेस्ट एकच होती आणि ती मीच लिहिलेली, म्युच्युअलची. दोन काका आपसात खुर्च्या बदलतात आणि त्याच क्षणी तिसरा कुणी नवी नोंद करू बघतो. शेवटी दोन्ही काकांकडे एकेक खुर्ची असायला हवी, एवढीच तिची अपेक्षा. पानावर लिहिलं होतं: अपेक्षित एक, मिळाल्या शून्य.

मी तो आकडा पुन्हा वाचला. शून्य म्हणजे एक म्हातारा माणूस सकाळी डबा-पाणी घेऊन, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येतो, आणि सिस्टर पडद्यावर बघून म्हणते, आपका नाम नहीं है.

मी कोड उघडला. म्युच्युअलचा भाग अहिवाऱ्याच्या मुलाने लिहिला होता आणि दिसायला अगदी शहाण्यासारखा होता. आधीपासून दोन कामं तयार होती, 'रद्द कर' आणि 'नोंदव'. त्याने तीच जोडली होती. दोघांच्या जुन्या खुर्च्या रद्द करायच्या, मग अदलाबदल करून नोंदवायच्या. पण 'रद्द कर' आपलं काम झालं की लगेच ते पक्कं करून मोकळं व्हायचं. म्हणजे रद्द आणि नोंद यांच्या मधे डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ दोन्ही खुर्च्या जगाला रिकाम्या दिसत होत्या. त्या फटीत तिसरा आला तर तो बसून जाणार आणि दोन काकांपैकी एक उभा. हलक्या डेटाबेसात आमच्या सगळ्या टेस्ट एकाच कनेक्शनवरून, रेशनच्या रांगेसारख्या एकामागे एक जात होत्या. तिथे फटीत शिरायला कुणी मोकळंच नव्हतं. खऱ्या पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळी कनेक्शनं खरोखर एका वेळी धावत होती, म्हणून कधीतरी तिसरा बरोबर फटीत सापडायचा. तो डबा आल्या दिवसापासून आम्हाला हेच सांगत होता आणि आम्ही त्यालाच झोपाळू ठरवलं होतं.

तो चहा पिऊन आला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, "हे पाहून राहिला का तू? डबा नाही झोपला, आपण झोपलो!"

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "ये तो सिरतोन हे." हे तर खरंच आहे. तेवढ्यावर माझा राग उतरला. चूक दाखवल्यावर पहिल्याच वाक्यात मान्य करणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

सरांनी मात्र वाद घातला. "एक ही पल में तीन लोग? कौन करेगा मैडम? टेस्ट को अभी हटा दो, मंडे के बाद देखेंगे." त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. ट्रस्टने तारीख छापून वाटली होती.

मी म्हणाले, "सर, आप वहाँ सुबह बैठे हैं कभी?" सिस्टर पुढच्या आठवड्याच्या खुर्च्या मोकळ्या करते तेव्हा सगळ्यांच्या घरी फोन हातात धरून कुणी ना कुणी बसलेलं असतं. सून, मुलगा, नातू. सगळे एकदम तुटून पडतात. आणि म्युच्युअलसुद्धा तेव्हाच ठरतात, कारण तेव्हाच सगळे जागे असतात. पलभर म्हणजे काय ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. मग मी जे बोलणार नव्हते ते बोलून गेले, "उनमें मेरे पिताजी भी हैं."

सरांनी एसीचा रिमोट उचलून खाली ठेवला. "कितने दिन?" म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही. तारीख पुढे गेली. ट्रस्टला फोन त्यांनी स्वतः केला आणि दोष आमच्याकडे घेतला, हे सांगायलाच हवं.

दुरुस्ती दिसायला लहान होती. म्युच्युअलची चारही पावलं एकाच व्यवहारात बांधली. होतील तर चारही, नाही तर एकही नाही, आणि पूर्ण होईपर्यंत बाहेरच्याला जुनंच चित्र दिसेल. शिवाय डेटाबेसलाच नियम घातला, एक मशीन, एक तारीख, एक शिफ्ट, नाव एकच. हा नियम घातल्याबरोबर दुसरीच टेस्ट लाल झाली, कारण रद्द झालेली नोंदही आम्ही मागच्या हिशेबासाठी ठेवत होतो आणि ती मेलेली नोंदही जागा अडवून बसली. मग नियमाला शेपूट जोडलं, चालू नोंदींपुरताच. आणि 'खुर्ची रिकामी आहे का?' असं आधी विचारणं काढून टाकलं. विचारणं आणि बसणं यांच्या मधेच तर फट असते. आता सरळ नोंदवायला जायचं. जागा नसेल तर डेटाबेस स्वतः नाही म्हणेल.

राहिली ती टेस्ट. कधी लाल, कधी हिरवी, हे मला आता चालणार नव्हतं. म्हणून टेस्टमध्ये म्युच्युअलला मधेच, रद्द आणि नोंद यांच्यामधे थांबवून धरलं आणि तिसऱ्याला तेव्हाच आत सोडलं. जुन्या कोडवर चालवलं तर दर वेळी लाल. हे बघून इतकं समाधान झालं की मी घरी जाऊन आईला सांगितलं, "आज लाल आलं!" आई म्हणाली, "मंग रडून काहून नाही राहिली?"

दुरुस्त कोडवर चालवलं तर टेस्ट लाल नाही आणि हिरवीही नाही. नुसती लटकली. सीआयने शेवटी कंटाळून तिला मारून टाकलं. आम्ही दोघंही चक्रावलो. कारण अगदी घरगुती निघालं. तिसऱ्याने नोंद टाकायचा प्रयत्न केला तेव्हा पोस्टग्रेसने त्याला म्हटलं, थांब, या खुर्चीवर कुणाचा तरी व्यवहार चालू आहे, तो संपू दे. आणि आमची टेस्ट तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय म्युच्युअलला पुढे जाऊ देत नव्हती. पहिले आप, पहिले आप. तिसऱ्याला वेगळ्या धाग्यावर सोडलं, म्हणजे टेस्ट त्याच्या उत्तरासाठी अडून राहणार नाही, तेव्हा सगळं उलगडलं. तो येतो, थांबतो, म्युच्युअल पूर्ण होतं, आणि मग तिसऱ्याला स्वच्छ नकार मिळतो. हिरवं.

त्या दिवशी अहिवाऱ्याच्या मुलाने भिंतीवर कागद चिकटवला, 'लाल को पहले पढ़ो'. सर म्हणाले, भिंतीचा रंग निघेल.

केंद्रात सॉफ्टवेअर लागलं. फळा सिस्टरने ठेवून दिला, आता त्यावर जेवणाची सूचना असते, मीठ कमी, पाणी कमी. बाबा आणि त्यांचे दोस्त म्युच्युअल करत राहिले. कुणी उभं राहिलं नाही. मी कधी तिथे गेले की काका लोक चेष्टा करायचे, "आली पाहा आमची शिफ्ट इनचार्ज!" बाबा खुर्चीत जरा ताठ बसायचे. ते मला दिसायचं आणि बरं वाटायचं.

मग उन्हाळ्यात एकदा केंद्राचा आरओ बंद पडला. डायलिसिसला साधं पाणी चालत नाही, आरओ नाही तर एकही मशीन नाही. त्या दिवसाच्या सगळ्या शिफ्ट रद्द झाल्या. बाबांची खुर्ची त्याच दिवसाची होती. दुरुस्ती झाल्यावर सिस्टरने दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या थोड्या खुर्च्या सगळ्यांसाठी मोकळ्या केल्या. ज्यांची चुकली त्यांनी आपली आपली घ्यावी. मी ऑफिसात फोन हातात धरून बसले होते. बाबांचे पाय सकाळपासून सुजायला लागले होते, आईचे दोन फोन येऊन गेले होते.

यादी उघडली. मी फर्स्ट शिफ्टची खुर्ची दाबली. पडद्यावरचं चक्र फिरलं. एरवी ते इतकं फिरत नाही. तेवढ्या वेळात काय चाललंय हे त्या फोन धरून बसलेल्या सगळ्या घरांपैकी फक्त मला माहीत होतं. माझ्या आधी कुणीतरी पोचलं होतं आणि त्याचा व्यवहार पूर्ण व्हायची मला वाट बघायला लावली जात होती. तो कुठे अडखळला तर खुर्ची माझी. मी मनात म्हटलं, अडखळ. होय, म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मग अक्षरं उमटली: 'ही खुर्ची आत्ताच दुसऱ्या पेशंटला मिळाली आहे.' हे वाक्य मीच लिहिलं होतं. 'आत्ताच' हा शब्द सौम्य वाटावा म्हणून मुद्दाम घातला होता. बाकीच्या खुर्च्यांवर बोट नेईपर्यंत त्याही गेल्या.

सिस्टरला फोन लावला. ती बिचारी म्हणाली, "आप ही का सॉफ्टवेअर है, पीछे से कुछ कर दो ना, मैं कुछ नहीं बोलूँगी." दुसऱ्या हॉस्पिटलात विचारलं. जागा नव्हती, फार त्रास झाला तर इमर्जन्सीत आणा म्हणाले. केंद्राचा डेटाबेस उघडायची किल्ली माझ्याकडे होती. मी तो उघडला. बाबांचं नाव त्या खुर्चीवर टाकायचा प्रयत्न केला असता तर नियमाने मलाही नाहीच म्हटलं असतं, तो नियम माणूस बघत नाही. पण आधी त्या दुसऱ्याची नोंद रद्द करायची आणि मग बाबांची टाकायची, हे मला करता आलं असतं. दोन ओळी. कुणाला कळलंही नसतं. त्या नोंदीवर एका बाईंचं नाव होतं. मी त्यांना ओळखत नव्हते. वय आईएवढं.

मी बराच वेळ ते नाव बघत बसले. आपलेच दात, आपलेच ओठ. अहिवाऱ्याच्या मुलाने मागून पाहिलं आणि खाली निघून गेला. त्याने मला अडवलं असतं तर बरं वाटलं असतं, भांडायला कुणीतरी मिळालं असतं. मी डेटाबेसची खिडकी बंद केली आणि त्यानंतरच्या दिवसाची पहिली मोकळी खुर्ची बाबांच्या नावावर घेतली. मग घरी फोन केला. रडू येत होतं आणि चीडही येत होती, स्वतःचीच, त्या नियमाची, त्या बाईंची, सगळ्यांची.

"उद्याची नाही मिळाली बाबा," मी म्हणाले. "परवाची मिळाली."

ते श्वास घेत होते, ते फोनवरही ऐकू येत होतं. "कोणाले गेली?"

"एक बाई आहेत. मी दाबलं तवाच त्यायनंही दाबलं. त्या आधी पोचल्या."

मागे आई काहीतरी विचारत होती, त्यांनी तिला थांबवलं असावं.

"दोघायले तर नाही ना देल्ली एकच खुर्ची?"

"नाही बाबा. एकालेच."

"मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले. "आईले सांगतो, पाणी मले आता मोजून दे. परवापर्यंत पुरवतो मी."